विश्लेषण : एण्डोस्कोपीत ‘बायोप्सी घेतली’ म्हणजे नेमके काय?

महिनोन्‌महिने पोटात जळजळ, दोन घास खाल्ले तरी पोट गच्च होणे, वरचेवर मळमळ. अशा तक्रारींसाठी एण्डोस्कोपी होते आणि रंगीत छायाचित्रे चिकटवलेला अहवाल हाती येतो. त्यात गॅस्ट्रायटिस, पॉलिप आणि बायोप्सी हे तीन शब्द असले, की घरी पोहोचेपर्यंत बायोप्सीचा अर्थ ‘कर्करोग’ झालेला असतो आणि गॅस्ट्रायटिसचा अर्थ ‘नुसती ॲसिडिटी’. पहिल्या गैरसमजाने झोप उडते, तर दुसऱ्याने खरा उपचारच राहून जातो. यातला दुसरा अधिक महागात पडतो.

अहवालात काय असते?

नेहमी दिसणाऱ्या अहवालाचा एक नमुना पाहता येईल. रुग्ण पंचेचाळिशीतील महिला. चार महिन्यांपासून बेंबीच्या वर दुखते. औषधाच्या दुकानातून आणलेली पँटोप्राझोलची गोळी रोज सकाळी चालू आहे. अहवाल असा : अन्ननलिका सामान्य. जठराच्या खालच्या भागात, म्हणजे अँट्रममध्ये लालसरपणा, गॅस्ट्रायटिस. तिथेच चार मिलिमीटरचा एक पॉलिप. बायोप्सी घेतली. रॅपिड युरिएज चाचणी निगेटिव्ह. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग सामान्य.

या ओळींमध्ये निदान जवळजवळ नाहीच. गॅस्ट्रायटिस हे डॉक्टरांच्या डोळ्यांना काय दिसले त्याचे वर्णन आहे. पॉलिप हे आकाराचे नाव आहे. बायोप्सी हा तर आजारच नव्हे, ती एक कृती आहे. निदान यायचे आहे ते काही दिवसांनी, पॅथॉलॉजिस्टच्या कागदावर.

गॅस्ट्रायटिस म्हणजे ॲसिडिटी नव्हे?

नव्हे. गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला आलेली सूज. दुर्बिणीत लाल दिसणारे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली ठीक निघू शकते आणि गुळगुळीत दिसणाऱ्या अस्तरात दाह सापडू शकतो. शिवाय लाली किती आणि त्रास किती, यांचा मेळ बसेलच असे नाही. म्हणून महत्त्वाचा प्रश्न ‘सूज किती’ हा नसून ‘सूज कशामुळे’ हा आहे. सांधेदुखीच्या गोळ्या, मद्य अशी कारणे असतातच. पण भारतात सर्रास आढळणारे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. जठरातल्या आम्लातही तो तग धरतो. जठरदाह आणि अल्सरशी त्याचा संबंध दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५चे नोबेल मिळाले. आम्ल कमी करणारी गोळी जळजळ शमवते, जिवाणू घालवत नाही.

पॉलिप काढावाच लागतो का?

पॉलिप म्हणजे अस्तरावर आलेला उंचवटा. मोठ्या आतड्यातील पॉलिपबद्दल ऐकलेली भीती इथे जशीच्या तशी लावणे योग्य नाही. जठरात प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. फंडिक ग्लँड पॉलिप वरच्या भागात येतात, आम्ल कमी करणारी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत अधिक आढळतात आणि सहसा निरुपद्रवी असतात. हायपरप्लास्टिक पॉलिप बहुधा जुनाट दाहातून उगवतात. तिसरा ॲडिनोमा, त्यात पुढे कर्करोग होण्याची शक्यता असल्याने तो काढावा लागतो. लहान पॉलिपचा प्रकार नुसते पाहून खात्रीने सांगता येतोच असे नाही. म्हणूनच तुकडा घेतात.

तुकडा घेतला म्हणजे संशय होता?

काही वेळा असतो, पण बहुतेकदा तो नेमक्या निदानासाठीच घेतात. बारीक चिमट्याने काही मिलिमीटरचे नमुने काढले जातात. अस्तराला कापल्याची वेदना जाणवत नाही, म्हणून रुग्णाला ते कळतही नाही. जिवाणू आणि दाह पाहायचा असेल तर जठराच्या खालच्या आणि मधल्या अशा दोन्ही भागांतून नमुने हवेत, कारण जिवाणू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. पॉलिपचा नमुना वेगळ्या बाटलीत जातो. नंतर रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा पोटात तीव्र कळ आली तर तातडीने रुग्णालय गाठावे; असे क्वचितच घडते.

चाचणी निगेटिव्ह, तरी जिवाणू?

नमुन्यातील महिलेचा बायोप्सी अहवाल सात दिवसांनी येतो : ‘क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, हेलिकोबॅक्टर पायलोरी आढळला. पॉलिप हायपरप्लास्टिक, डिसप्लेसिया नाही.’ ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे दाह अजून धगधगतो आहे. ‘डिसप्लेसिया नाही’ म्हणजे कर्करोगाकडे झुकणारे बदल पेशींत दिसले नाहीत. अहवालातील सर्वात दिलासादायक शब्द हेच.

मग युरिएज चाचणी निगेटिव्ह कशी? ही चाचणी जिवाणूच्या एका विकरामुळे होणाऱ्या रंगबदलावर चालते. रोजच्या पँटोप्राझोलने जिवाणूंची संख्या घटते आणि रंग बदलत नाही. म्हणून ही गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे बंद असल्याशिवाय ‘निगेटिव्ह’वर विसंबता येत नाही, अर्थात गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच. या महिलेने पहिला कागद पाहून ‘काही निघाले नाही’ असे ठरवले असते, तर तीच गोळी वर्षभर चालली असती.

आता तिला साधारण १४ दिवसांचा अँटिबायोटिक्ससह उपचार लागेल. तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून जिवाणू गेल्याची खात्री करावी लागेल, कारण औषधांना दाद न देणारे जिवाणू कमी नाहीत. जिवाणू गेला की असे पॉलिप अनेकदा आपोआप आक्रसतात. दुखणे मात्र थांबेलच असे नाही. काहींचा त्रास जिवाणू गेल्यावरही राहतो आणि त्याचा वेगळा विचार करावा लागतो.

समजावण्यात कुठे चुकते?

वेळ चुकते. गुंगीचे इंजेक्शन दिले असेल तर त्यानंतरचे बोलणे रुग्णाला अनेकदा आठवत नाही. तो ‘हो, समजले’ म्हणतो आणि संध्याकाळी त्याला काहीच सांगता येत नाही. नुसता घशात फवारा मारून तपासणी झाली असली, तरी ओकाऱ्यांनी दमलेला माणूस ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. तेव्हा सोबतच्या नातेवाइकासमोर बोलणे आणि दोन ओळी लिहून देणे हा सौजन्याचा भाग न मानता तपासणीचाच भाग मानायला हवा. त्या ओळींत तुकडा कशासाठी घेतला, अहवाल कधी येईल आणि तो कोणाला दाखवायचा, एवढे असले तरी पुरे. ‘काळजीचे कारण नाही’ हे वाक्य त्याची जागा घेऊ शकत नाही. उलट ते ऐकून अनेक जण दुसरा कागद आणायला फिरकतच नाहीत.

रुग्णाच्या बाजूनेही एक काम उरते. बायोप्सी अहवालात ‘इंटेस्टिनल मेटाप्लेसिया’, ‘ॲट्रॉफी’ किंवा ‘डिसप्लेसिया’ यांपैकी शब्द असेल, तर तो गोळ्या बदलून संपणारा विषय नसतो. पुढची एण्डोस्कोपी कधी, हे तिथेच विचारून घ्यावे. आणि वजन घटत असेल, गिळताना अडकत असेल किंवा रक्त कमी झाले असेल, तर जुना ‘गॅस्ट्रायटिस’चा अहवाल दाखवून नव्या तक्रारीची बोळवण होऊ देऊ नये.