रूममेटच्या पर्समधली गोळी

लघवीला जळजळ झाली की रूममेटच्या पर्समधल्या उरलेल्या सिप्रोफ्लोक्सासिनच्या दोन गोळ्या घ्यायच्या, हा हॉस्टेलवरचा सीन काही नवा नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, विषय संपला! मला तर हा सगळ्यात महागडा फुकट उपाय वाटतो.

कारण सिप्रो लघवीपुरती थांबत नाही. ती आतड्यातले जंतूही मारते, चिवट तेवढे मागे राहतात. आणि लघवीचं इन्फेक्शन करणारे जंतू बहुतेकदा आतड्यातूनच येतात. म्हणजे पुढच्या वेळी गाठ या चिवटांशी. तेव्हा घाटीत कल्चर द्यायला गेलात, पण आधी गोळी खाल्लेली असेल, तर रिपोर्टमध्ये जंतू दिसतीलच असं नाही. मग डॉक्टरांनी अंदाजानेच औषध द्यायचं का?

साध्या इन्फेक्शनला मुलींना अनेकदा नायट्रोफ्युरँटोइन दिलं जातं, पाचच दिवस. ते लघवीत साठतं, आतड्याला फारसं छेडत नाही. पण थंडी-ताप, कुशीत दुखणं असेल तर इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं; तिथे हे औषध पुरत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कल्चर सांगितलं, तर बाटली पहिल्या गोळीच्या आधी भरायची.