सातासमुद्रापलीकडचा काडीमोड

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ पासून ती मध्य प्रदेशात आहेत. संस्थाने गेली तरी तेथील मराठी घराणी माळव्यातच राहिली. त्यांच्या लेकीसुना पुण्यामुंबईला येत-जात राहिल्या, आणि गेल्या तीन-चार दशकांत मुलगे-जावई अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात पोचले. लग्न मात्र अजूनही येथेच लागते. मंगलाष्टके, सप्तपदी, आणि वऱ्हाड परतायच्या आत विमानाची तिकिटे. त्यातले एखादे लग्न तिकडे मोडते, आणि मग एके दिवशी देवासच्या घरी परदेशी न्यायालयाचा लखोटा येऊन पडतो. आपला विवाह विसर्जित करण्यात आला आहे, असे त्यात लिहिलेले असते. वडील विचारतात, ‘आता मुलगी मोकळी झाली, की नाही?’

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र साधे नाही. त्या न्यायालयाच्या हद्दीत तो हुकूमनामा खराच असतो. येथे तो खरा ठरेल की नाही, हे त्यावरच्या मोहरेवर अवलंबून नसून तो कोणत्या रीतीने मिळविला गेला, यावर अवलंबून असते. या बाबतीत आपल्या देशाचा कायदा प्रामुख्याने दोन निकालपत्रांनी घडविला आणि ती दोन्ही लिहिणारे न्यायमूर्ती मराठी होते, ही गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक असावी.

पहिला निकाल १ ऑक्टोबर १९७४ चा, सत्या विरुद्ध तेजा सिंह या खटल्यातला. दांपत्याचा विवाह १९५५ साली जालंधरला झाला. त्यांना दोन मुले झाली. १९५९ साली पती वनविद्येच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला आणि पत्नी-मुले मागे राहिली. त्याने युटा राज्यात शिकून डॉक्टरेट मिळविली आणि नोकरीही तेथेच धरली. पण घटस्फोट मागितला तो शेजारच्या नेवाडा राज्यात; कारण तेथे सहा आठवडे वास्तव्य केले की न्यायालयाचे दार उघडत असे. १९६४ च्या अखेरीस त्याला तो मिळालाही. नंतर पत्नीने जालंधरच्या दंडाधिकाऱ्यांकडे पोटगी मागितली, तेव्हा पतीने नेवाड्याचा कागद पुढे केला : ही आता माझी पत्नीच नाही, मग पोटगी कसली? उच्च न्यायालयाला ते पटले. पतीचे अधिवास जेथे, तेथेच पत्नीचे, असा जुना इंग्रजी दंडक त्यांनी लावला.

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी तो निकाल फिरविला. नेवाड्यात कायम राहण्याचा आपला इरादा आहे, असे पतीने त्या न्यायालयाला सांगितले होते. हुकूमनामा हाती पडताच तो तेथून चालता झाला. म्हणजे न्यायालयाला अधिकार प्राप्त व्हावा म्हणून मुळात खोटे सांगितले गेले होते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे तेरावे कलम सांगते की अधिकार नसलेल्या न्यायालयाचा किंवा कपटाने मिळविलेला परदेशी निवाडा येथे निर्णायक नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या निकालपत्रात आहे. दुसऱ्या देशांनी आपल्या समाजासाठी घडविलेले नियम आपण यांत्रिकपणे उचलू नयेत, आपल्या लोकांच्या विवाहांचा न्याय आपल्याच विचारांनी व्हावा, अशी त्यातील भूमिका आहे. परक्या अंमलाविरुद्ध ज्यांनी तारुण्य खर्ची घातले, त्यांना या भूमिकेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा, ९ जुलै १९९१ चा. नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी. विवाह १९७५ साली तिरुपतीला हिंदू पद्धतीने झालेला. पतीने अमेरिकेच्या मिसूरी राज्यात आपले नव्वद दिवसांचे वास्तव्य दाखवून घटस्फोट मागितला. कारण असे की, संसार पुन्हा जुळण्यापलीकडे मोडला आहे. पत्नीने भारतातूनच, तुमचा अधिकार मला मान्य नाही, असा निषेध नोंदवून उत्तर पाठविले. १९८० साली हुकूमनामा झाला, १९८१ साली पतीने दुसरा विवाह केला, आणि पत्नीने द्विभार्येची फिर्याद लावली. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की मिसूरीचा तो हुकूमनामा येथे अग्राह्य आहे.

या निकालाने दिलेला नियम आजही चालू आहे. ज्या कायद्याखाली विवाह झाला, त्या कायद्याने ज्या न्यायालयाला अधिकार दिला आहे त्यानेच, आणि त्या कायद्यात असलेल्या कारणावरूनच घटस्फोट दिला पाहिजे. याला अपवाद तीन. एक, प्रतिवादी पक्ष ज्या देशात कायमचा राहतो तेथेच दावा झाला असेल आणि कारण आपल्या कायद्यातले असेल. दोन, प्रतिवादीने स्वखुशीने त्या न्यायालयापुढे येऊन दावा खरोखर लढविला असेल, आणि येथेही कारण आपल्या कायद्यातले असेल. तीन, प्रतिवादीने घटस्फोटाला संमती दिली असेल.

आता हा नियम एका घरात उतरवून पाहू. समजा, देवासच्या मुलीचा विवाह धारच्या मुलाशी २०१४ साली देवासला झाला. दोघे अमेरिकेस गेली, २०२१ साली विभक्त झाली, आणि मुलगी माहेरी परतली. पतीने तेथे ‘मतभेद न मिटण्याजोगे आहेत’ या कारणावर अर्ज केला. मुलीने काहीच केले नाही आणि एकतर्फी हुकूमनामा झाला. येथे तो टिकणार नाही. न्यायालयाला आमच्या दृष्टीने अधिकार नव्हता. निवाडा गुणदोषांवर झालेला नाही. आणि ते कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. क्रूरता आहे, दोन वर्षांचा परित्याग आहे, परंतु ‘संसार मोडला’ हे कारण संसदेने अजून घातलेले नाही. सर्वोच्च न्यायालय आपल्या विशेष अधिकारात त्या कारणावर विवाह विसर्जित करू शकते, हे १ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने स्पष्ट झाले. पण तो अधिकार त्या न्यायालयापुरताच.

परंतु गप्प बसण्याची किंमतही मुलीच्या घरच्यांनी ओळखावी. येथे ती विवाहितच राहते, तिकडे पती अविवाहित ठरून पुन्हा बोहल्यावर चढतो. तेथील घर, बँकेतील ठेव, मुलांचा ताबा यांचे निर्णय तिच्या पाठीमागे होऊन जातात, आणि ते तेथे अंमलातही येतात. म्हणून लखोटा आला की तो प्रथम कसा आला, ते पाहावे. समन्सांविषयीच्या हेग करारात भारत सामील आहे. परंतु टपालाने थेट समन्स पाठविण्यास त्याने हरकत नोंदविलेली आहे आणि ते केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत यावे लागते. मग वकिलाच्या सल्ल्याने अधिकाराचा निषेध लेखी नोंदवावा, आणि तो दाव्याच्या गुणदोषांत शिरण्यापूर्वी. एकदा का तेथे हजर होऊन वाद घातला, की आपण त्या न्यायालयाच्या अधिकाराखाली गेलो, असे पुढे म्हटले जाते. त्याच वेळी देवासला स्वतःचा अर्ज करता येतो. विवाह जेथे झाला तेथील न्यायालयाला अधिकार आहेच, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी राहते तेथील न्यायालयालाही आहे. वरचे अपील इंदूर खंडपीठापुढे जाते.

सर्वांत मोठी चूक होते ती सहीत. मालमत्तेच्या वाटणीच्या कागदपत्रांत घटस्फोटाला ‘हरकत नाही’ असे एक वाक्य असते, ते न वाचता सही केली जाते, आणि तीच तिसऱ्या अपवादातली संमती ठरते. हुकूमनाम्याखाली मिळालेली रक्कम मुकाट्याने स्वीकारली तरी तोच युक्तिवाद उभा राहतो. उलट, दोघांनाही खरोखर मोकळे व्हायचे असेल तर हीच संमती नि:संदिग्ध शब्दांत हुकूमनाम्यात नोंदवून घ्यावी. मग येथील कुटुंब न्यायालयाकडून आपल्या वैवाहिक स्थितीचे जाहीरपत्रही मागता येते. त्यासाठी साधी झेरॉक्स प्रत चालत नाही. १९९१ च्या खटल्यातही छायाप्रत पुराव्यात ग्राह्य धरली गेली नव्हती. रीतसर प्रमाणित प्रतच हवी. याहून निर्धोक वाट म्हणजे परस्पर संमतीचा अर्ज येथेच करणे. त्यातली सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे.

येथवर नियमाने टाकलेल्या पत्नीचे रक्षण केले. परंतु ढाल उलटी धरली की तीच हातात रुतते. समजा, मारहाण सोसणारी पत्नीच परदेशात राहिली आणि पती सारे सोडून माळव्यात परतला. तिने तेथे घटस्फोट मिळविला. अमेरिकेच्या कित्येक राज्यांत दोषारोपाविना मिळणारा घटस्फोट हाच रोजचा मार्ग आहे, म्हणून कागदावर कारण आले ‘मतभेद’. पती येथे राहतो, त्याने दावा लढविला नाही, संमतीही दिली नाही. म्हणजे तिन्ही अपवाद बंद. ती तेथे मोकळी आणि येथे अद्याप त्याची पत्नी. तिने पुन्हा विवाह केला, तर मायदेशी पाऊल ठेवताना फिर्यादीची भीती तिच्याच डोक्यावर! न्यायमूर्ती सावंतांच्या नियमाचा हा हेतू खचितच नव्हता. पण न्यायालय समोरच्या खटल्यापुरते बोलते, सर्व घरांचा विचार करणे हे संसदेचे काम असते.

आणि संसद बोललेली नाही. विधी आयोगाने १९७६ साली आपल्या पासष्टाव्या अहवालात परदेशी घटस्फोटांच्या मान्यतेसाठी स्वतंत्र कायदा सुचविला. इंग्लंडने असा कायदा १९७१ सालीच केला होता. २००९ साली आयोगाने अनिवासी भारतीयांच्या कौटुंबिक कायद्यांची गरज पुन्हा मांडली, आणि २०२४ साली अनिवासी भारतीयांच्या विवाहविषयक प्रश्नांवर आणखी एक अहवाल दिला. अहवालांच्या चळती वाढत गेल्या. कायदा झाला नाही.

तो व्हावा, आणि त्यात दोन गोष्टी असाव्यात. टाकून गेलेल्या पक्षाने थोड्या दिवसांचे वास्तव्य दाखवून मिळविलेला एकतर्फी हुकूमनामा अग्राह्यच राहावा. चंद्रचूड आणि सावंत यांनी बांधलेला हा बांध कोणी फोडू नये. परंतु जी व्यक्ती त्या देशात वर्षानुवर्षे खरोखर राहिली आहे, जिने समोरच्याला रीतसर समन्स पोचविले आहे, तिचा हुकूमनामा केवळ कारणाचा शब्द जुळत नाही म्हणून नाकारला जाऊ नये. तोवर देवासच्या वडिलांना आमचे उत्तर एवढेच : लखोट्यावरची मोहोर पाहून मुलगी मोकळी झाली असे समजू नका, आणि ती अडकली असेही समजू नका. आतला कागद वाचा. दावा कोठे झाला, समन्स कसे आले, कारण कोणते दिले, आणि सही कोणाची आहे, या चार गोष्टींतच तिचे उत्तर आहे.