दुधाचा खाडा आणि स्ट्रीकचं शून्य

मंडळी, आधीच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी बोलते फाडफाड, पण वाचायची वेळ आली की जोडाक्षरापाशी गाडी अडते. म्हणून या वर्षी 1 फेब्रुवारीला ठरवलं, रोज एक पान मराठी मोठ्याने वाचायचं. आणि इंजिनीअरिंगची मुलगी काही ठरवते तेव्हा आधी काय करते? पुस्तक उघडत नाही, स्प्रेडशीट उघडते!

आमच्या होस्टेलवर अशा शीटची साथच आली होती. कुणाची पहाटे उठण्याची, कुणाची जिमची, कुणाची रोज एक गणित सोडवण्याची. रचना सगळ्यांची साधारण एकच. A कॉलममध्ये तारखा, B मध्ये चेकबॉक्स, C मध्ये स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस झाले तो आकडा, आणि D मध्ये दर सातव्या ओळीला आठवड्याची बेरीज. गूगल शीट्समध्ये 2018 पासून Insert मेनूतच चेकबॉक्स मिळतो. तो दिसतो चौकोन, पण आत असतं फक्त TRUE किंवा FALSE. त्यामुळे `SUM` लावलात तर सातही टिका असून उत्तर शून्य येतं (मी यावर अर्धा तास घालवलाय). मोजायचं ते असं:

```
D8:  =COUNTIF(B2:B8,TRUE)
C2:  =IF(B2,N(C1)+1,0)
```

दुसरी ओळ स्ट्रीकची. आज टिक असेल तर कालच्या आकड्यात एक मिळवा, नसेल तर शून्य. `N` कशाला? C1 मध्ये मथळा आहे, आणि अक्षरांत एक मिळवायला गेलं की शीट #VALUE! म्हणून ओरडतं. `N` त्या मथळ्याला शून्य समजतो. ही ओळ खाली ओढत नेली की झालं.

आता पहिली गंमत. सकाळी उठून शीट उघडावं तर आजच्या ओळीत स्ट्रीक शून्य! कारण आजचं पान अजून वाचलेलंच नाही. दिवस संपायच्या आधीच निकाल. त्यावर उपाय आहे. वर एका सेलमध्ये आजचा आणि कालचा आकडा काढून त्यातला मोठा दाखवायचा:

```
=MAX(VLOOKUP(TODAY(),A:C,3,FALSE),
     VLOOKUP(TODAY()-1,A:C,3,FALSE))
```

आज टिक केली तर आजचा आकडा कालच्यापेक्षा एकने मोठा, म्हणून तो दिसतो. नाही केली तर कालचा. पहिल्या दिवशी मात्र #N/A येईल, कारण त्याच्या आधीची तारीखच शीटमध्ये नाही. घाबरू नका.

इथपर्यंत सगळं फॉर्म्युल्याचं दुखणं, ते फॉर्म्युल्याने बरं होतं. माझं भांडण आहे ते C कॉलमच्या स्वभावाशी.

माझा फेब्रुवारी सांगते. 1 ते 19 तारीख, सलग एकोणीस टिका. 20 ला मावसबहिणीचं लग्न होतं साताऱ्याला. पुस्तक होस्टेलवर, मी मांडवात. रात्री शीटमध्ये बघते तर 19 च्या खाली 0. तुम्हाला सांगते, सबमिशन रिजेक्ट झाल्यावरही इतकं वाईट वाटलं नव्हतं. मग 21 ते 26 मी ते शीट उघडलंच नाही, आणि पुस्तकही नाही. 27 ला लाज वाटली म्हणून पुन्हा सुरू केलं.

माझ्या रूममेटने माझ्याच बरोबर सुरुवात केली होती, रोज एक गणित. तिचा काही सलग प्रकार नव्हता. 4 ला चुकली, 11 ला चुकली, 16 आणि 19 ला चुकली, 26 लाही चुकली. तिची सगळ्यात लांब स्ट्रीक होती सहा दिवसांची. मी तिला हसायचे.

28 ला रात्री दोघींची शीटं शेजारी ठेवली. स्ट्रीक कॉलम म्हणतो: मी 2, ती 2. बरोबरी! मग D कॉलम पाहिला. माझे आठवडे 7, 7, 5, 2. एकूण 21. तिचे 6, 6, 5, 6. एकूण 23. म्हणजे जी हसत होती ती मागे. आणि नुसती मागे नाही, माझा आकडा घसरत चाललेला, तिचा जागच्या जागी उभा. यातलं काहीही C कॉलमला कळत नाही.

असं का होतं ते फॉर्म्युल्यातच लिहिलेलं आहे. बेरजेत एका FALSE ची किंमत नेहमी एकच, एक. स्ट्रीकमध्ये त्याच FALSE ची किंमत म्हणजे आधीचं सगळं. तिसऱ्या दिवशी चुकलात तर दोन गेले, विसाव्या दिवशी चुकलात तर एकोणीस गेले. जितकं नीट वागाल तितका दंड मोठा. आणि दंड मोठा झाला की माणूस काय करतो? आता दुसरी कबुली, माझ्या त्या 21 मधली एक टिक खोटी आहे. 13 तारखेला मी पुस्तक उशाशी घेऊन झोपले, आणि 14 ला सकाळी मागच्या चौकोनात गुपचूप टिक केली. स्ट्रीक तेरा झाली. शीटला काय कळतंय! आठवड्याचे सातऐवजी सहा होतील एवढ्यासाठी मी ती चोरी केली असती का? मला नाही वाटत.

बरं, एक दिवस चुकल्याने सवय खरंच मोडते का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा 2010 साली छापलेला अभ्यास आहे. 96 जणांनी एकेक नवी सवय निवडली आणि बारा आठवडे रोज नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत निघाला (वरचा आकडा अर्थात हिशेबाने काढलेला अंदाज). आणि मधला एखादा दिवस हुकल्याने त्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नाही असं त्यांना दिसलं. माझं वाचन मोडलं ते 20 तारखेच्या लग्नाने नाही, नंतरच्या सहा दिवसांनी. आणि ते सहा दिवस मी त्या शून्यामुळे पळत होते.

आमच्या घरी आई कालनिर्णयवर दुधाचा हिशेब ठेवते. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेवर खाडा. महिनाअखेरीला खाडे मोजायचे, तेवढे पैसे वजा, संपलं. दूधवाल्याचा एक खाडा झाला म्हणून आई आधीचं सगळं दूध आलंच नव्हतं असं धरत नाही!

मग स्ट्रीक कॉलम उडवून टाकायचा का? माझी रूममेट म्हणाली उडव. मी नाही उडवला, कारण वाढता आकडा बघायला मला आवडतो, खोटं कशाला बोलू. मी फक्त त्याला दिवसांऐवजी आठवडे मोजायला लावलं. सातात पाच झाले की आठवडा पास:

```
E8:   =IF(D8>=5,N(E1)+1,0)
E15:  =IF(D15>=5,N(E8)+1,0)
```

याच फेब्रुवारीवर लावून बघा. मी: 1, 2, 3, 0. ती: 1, 2, 3, 4. आता कॉलम खरं बोलतो. साताऱ्याच्या लग्नाचा आठवडाही यात पास होतो, नापास होतो तो मी पळाले तो आठवडा. पाचच का, असं विचाराल तर त्यामागे शास्त्र वगैरे काही नाही. दोन खाडे मला परवडतात, तिसरा झाला की मी बहाणे शोधते, एवढं मला माझ्याबद्दल कळलंय. तुमचा आकडा वेगळा असेल. एक खोट मात्र आहे, चालू आठवड्यात पाच टिका होईपर्यंत E मध्ये शून्यच दिसतं. तिथे बघायचं नाही, वरच्या संपलेल्या आठवड्याकडे बघायचं.

हा लेख लिहिताना या आठवड्याचे चार झालेत. आज शनिवार, पुस्तक समोर आहे, आणि पानाच्या पहिल्याच ओळीत ‘तत्त्वज्ञान’ आलंय.