दोन रात्रींची रजा

22 जुलै 2009 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आमच्या जबलपूरवरून गेला. घरबसल्या खग्रास! आम्ही पाहुणे बोलावले, गच्ची झाडली, चष्मे आणले. सकाळी साडेसहाच्या आत अंधार पडला, पाखरं गप्प झाली. पण सूर्य होता ढगांच्या पलीकडे. आषाढ-श्रावणात मध्य प्रदेशात दुसरं काय होणार? त्याच सकाळी बिहारच्या तारेगणात, जिथून ग्रहण उत्तम दिसणार म्हणून लोक लांबून जमले होते, तिथेही ढगांनी घात केला. आणि वाराणसीच्या घाटावर स्नानाला उतरलेल्यांना मात्र ते स्वच्छ दिसलं.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे. आकाशातलं काही बघायला जायचं तर आधी ढगांचा विचार, मग जागेचा. ग्रहणाला दुसरा दिवस नसतो, म्हणून तिथे हाताशी गाडी आणि दुसरा रस्ता लागतो. उल्कावर्षावाला मात्र दुसरी रात्र मिळते.

म्हणूनच ऑगस्टमधल्या ययाती उल्कावर्षावाच्या वाटेला आम्ही जात नाही. तो ऐन पावसात येतो. आमचा भरवसा डिसेंबरातल्या मिथुन उल्कावर्षावावर. 2026 मध्ये त्याचा भर 14 डिसेंबरच्या संध्याकाळच्या सुमारास आहे, म्हणजे 13 ची रात्र भराच्या आधीची आणि 14 ची लगेच नंतरची. दोन्ही चालतील. शिवाय चंपाषष्ठीच्या आसपासचा कोवळा चंद्र, दहाच्या सुमारास मावळणारा. मिथुन रास रात्री दोनच्या सुमारास डोक्यावर येते, तेव्हा चंद्राचा उजेड नसेल.

नागपूरची धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "दादा, भेडाघाटलाच जाऊ या की. चांदण्यात संगमरवर काय दिसतो!"

"अगं, ते पौर्णिमेचं. आपल्याला काळोख हवाय."

भेडाघाट आणि बरगी धरण या दोन्ही जागा मी आणखी एका कारणाने खोडल्या. हिवाळ्यात पाण्याजवळच्या सखल जागी मध्यरात्रीनंतर धुकं साचतं, आणि उल्का जास्त दिसण्याची वेळ नेमकी तीच. बारा वाजता लखलखीत असलेलं आकाश तीन वाजता दुधासारखं होतं.

मग ठरलं पेंच. जबलपूर-नागपूर रस्त्यावर दोघांनाही सोयीचं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले दिवे त्यासाठी बदलून खाली तोंड केलेले बसवले. पण हे जंगल आहे. रात्री रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून पडता येत नाही. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना दोनच गोष्टी विचारल्या: आवार मोकळं आहे का, आणि तिथले दिवे रात्री बंद कराल का? दोन ठिकाणी "सुरक्षेसाठी चालू ठेवावे लागतात" असं उत्तर आलं. तिसरा माणूस तयार झाला.

दुसरी जागा पचमढी. ती हजार मीटरहून थोडी उंच आहे, त्यामुळे सपाटीवर धुकं असलं तरी वर आकाश मोकळं असण्याची शक्यता असते. मात्र पश्चिमेकडून ढगांचा मोठा पट्टा आला तर पेंच आणि पचमढी दोन्ही झाकली जातील, तेव्हा जागा बदलून उपयोग नाही. रात्रच बदलायची.

निर्णय सकाळीच घ्यायचा, कारण पचमढीचा घाट अंधारात चढायचा नाही. हवामान खात्याचं उपग्रहचित्र उघडायचं. ढग सरकताहेत की जागीच आहेत, हे लागोपाठच्या चित्रांवरून कळतं. मग रात्रीचं अंदाजी तापमान आणि दवबिंदू शेजारी ठेवायचे. दोघांत दोन-तीन अंशांचंच अंतर उरणार असेल आणि वारा नसेल, तर पहाटे धुकं ठरलेलंच. रात्री दहालाच गाडीच्या टपावर बोट फिरवल्यावर पाणी लागलं, तर तीन वाजेपर्यंत थांबू नका; लवकर बघून घ्या.

किती दिसतील? पुस्तकात ताशी शंभराच्या वर आकडा असतो, पण तो मिथुन रास ऐन डोक्यावर आणि आकाश आदर्श काळं असतानाचा. चांगल्या काळोखात मिनिटाला एक दिसली तरी रात्र वसूल. शहरातल्या गच्चीवरून तासाला चार-पाच मोजल्या तर पुष्कळ. डोळे काळोखाला सरावायला वीस मिनिटं लागतात. मोबाइल एकदा उघडला की ती पुन्हा पहिल्यापासून.

13 डिसेंबर 2026 रविवार आहे. तुम्हीही निघणार असाल तर रजा नुसती सोमवारची नको, सोमवार आणि मंगळवार, दोन्ही दिवसांची टाका.