एका लिटर दुधाचा हिशेब आणि हुकलेला माज

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. तेथील पालैवननाथर मंदिरात नायक राजवटीत, सतराव्या शतकात, बांधलेले धान्याचे भव्य कोठार आजही उभे आहे. कावेरीच्या या खोऱ्यात शतकानुशतके मोजदाद झाली ती भाताची. गायीगुरे होती ती चिखलणीसाठी. येथील उंबळाचेरी जात ओळखली जाते ती ओढकामासाठी, दुधासाठी नव्हे. ट्रॅक्टर आला, बैल गेला आणि त्याच्या जागी गोठ्यात संकरित जर्सी गाय उभी राहिली. चारा मात्र भाताचाच राहिला, आणि आजच्या दुधाच्या खर्चाचे मूळ येथेच आहे.

भाताच्या पेंढ्यात प्रथिने नाममात्र, फॉस्फरस त्याहून कमी. चांगली जमीन भाताखाली असल्याने हिरवा चारा बांधावर जेवढा उगवेल तेवढाच. उरलेली भूक विकतच्या खुराकाने भागवावी लागते. माझ्या सेवाकाळात अनुदानाच्या कितीतरी प्रस्तावांत मी लिटरमागचा उत्पादन खर्च एका ओळीत लिहिलेला पाहिला आहे. ती ओळ येथे उलगडून पाहू. खालील आकडे पाहणीतले नव्हेत, उदाहरणादाखल धरलेले आहेत; वाचकांनी आपल्या गावचे दर घालून पाहावेत.

एक संकरित गाय 300 दिवस सरासरी 8 लिटर दूध देते, म्हणजे एका वेतात 2,400 लिटर. दोन वेतांतील अंतर 14 महिने, म्हणजे 420 दिवस धरू. दुभत्या दिवशी साडेचार किलो खुराक 30 रुपये दराने 135 रुपयांचा, पेंढा आणि हिरवा चारा मिळून 50 रुपये, एकूण 185. भाकड दिवशीही गाय खातेच. दोन किलो खुराक व चारा मिळून 120 रुपये. 300 दुभते आणि 120 भाकड दिवस मिळून चाऱ्याचा खर्च 69,900 रुपये होतो, लिटरमागे सुमारे 29 रुपये. औषधे, रेतन, खनिज मिश्रण यांना 4,200 रुपये धरले तर लिटरमागे पावणेदोन रुपये. रोकड खर्च झाला जवळपास 31 रुपये.

आता मजुरी. धारा काढणे, शेण आवरणे, चारा कापणे, केंद्रावर दूध पोहोचवणे यांत गायीमागे रोज दोन तास जातात, आणि ते बहुधा घरातील बाईचे असतात. तासाला 50 रुपये धरले तर लिटरमागे साडेसतरा रुपये वाढून खर्च 48 रुपयांवर जातो. वासराची आणि शेणखताची किंमत गोठ्याच्या व गायीच्या झिजेत वळती झाली असे मानू.

तमिळनाडूच्या सहकारी महासंघाने, म्हणजे ‘आविन’ने, नोव्हेंबर 2022 मध्ये गायीच्या दुधाचा खरेदी दर 32 वरून 35 रुपये केला. डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने त्यावर 3 रुपये प्रोत्साहन जाहीर केले. हे 38 रुपये धरले तर आमच्या गोठ्यात वेतामागे 17,100 रुपये उरतात, दिवसाला सुमारे 40. दोन तासांच्या कामाची हीच खरी मजुरी. पिकांच्या हमीभावाच्या हिशेबात कृषिमूल्य आयोग कुटुंबाच्या श्रमाची किंमत धरतो; दुधाला हमीभावच नसल्याने त्या श्रमाला खात्यात रकाना मिळत नाही.

औषधाचा खर्च वरकरणी किरकोळ दिसतो, पण त्याची खरी किंमत बिलात नसतेच. गाय 21 दिवसांनी माजावर येते. खनिजांची व ऊर्जेची कमतरता असलेल्या, पेंढ्यावर पोसलेल्या गायीत माज बरेचदा मुका राहतो. उकाड्याच्या दिवसांत तो थोडा वेळ टिकतो, कित्येकदा रात्रीच सरतो. काचेसारखा स्वच्छ सोट, बेचैनी, अचानक घटलेले दूध या खुणा नजरेआड झाल्या की 21 दिवस वाया. असे तीन माज हुकले तर 63 भाकड दिवस वाढतात आणि 7,560 रुपयांचा चारा दुधाविना जातो. लिटरमागे तीन रुपयांहून थोडे अधिक. सरकारचे प्रोत्साहन त्यातच संपले. दिवसाची मजुरी 40 वरून 20 रुपयांवर येते.

म्हणून लिटरमागे अनुदान देणाऱ्या योजनांविषयी, महाराष्ट्राने 2024 मध्ये दिलेल्या 5 रुपयांसह, माझा आक्षेप रकमेला नाही. अनुदान विकलेल्या लिटरवर मिळते; भाकड गायीच्या मालकिणीला त्या महिन्यांत काहीच मिळत नाही, आणि खर्च तर तेव्हाच नुसता वाहत असतो. त्या पैशाचा एक हिस्सा खनिज मिश्रणाला, वेळेवर पोहोचणाऱ्या रेतन कर्मचाऱ्याला आणि रेतनानंतर दोन-तीन महिन्यांनी होणाऱ्या गर्भतपासणीला द्यावा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन व्हावे, हा नियम जुना आहे. पण कर्मचारी दुसऱ्या दिवशी दुपारी आला तर तो नियम माहीत असून उपयोग काय? केंद्रावर रोजच्या दुधाच्या नोंदीशेजारी विण्याची आणि रेतनाची तारीख लिहिण्यास एक जास्तीचा रकाना पुरेल. विल्यानंतर 90 दिवस उलटूनही रेतन न झालेली गाय त्या रकान्यात लगेच दिसेल.