कर पगारातूनच कापला, मग नोटीस कर्मचाऱ्याला का?

रिटर्न भरून झालं, परताव्याची वाट बघायची, तर मोबाईलवर येतो कर भरण्याचा मेसेज. पगारदार माणूस घाबरतो आणि वाद नको म्हणून पैसे भरून टाकतो. इथंच फसगत होते.

समजा, साखर कारखान्यातल्या कायम कर्मचाऱ्याच्या पगारातून महिन्याला 4 हजार, म्हणजे वर्षाला 48 हजार कर कापला. रिटर्नमध्ये त्याने 48 हजारच दाखवले. पण आयकर खात्याचं बंगळुरूचं केंद्र पगाराची स्लिप बघत नाही, ते फॉर्म 26एएस बघतं. त्यात 36 हजारच दिसले, तर उरलेले 12 हजार आणि वर व्याज कर्मचाऱ्याच्या नावावर निघतं. 1961 च्या कायद्याच्या कलम 143(1) खालच्या सूचनेत शेजारी-शेजारी दोन रकाने असतात, एक तुम्ही दाखवलेल्या रकमेचा, दुसरा खात्याने धरलेल्या. टीडीएसच्या ओळीत फरक असेल तर दुखणं हेच.

मग 26एएसमध्ये कोणती तिमाही गायब आहे ते बघायचं. वरच्या उदाहरणात जानेवारी ते मार्चचे 12 हजार नाहीत. याची कारणं साधारण दोन. एक, कारखान्याने पैसे भरले, पण 24क्यू हे तिमाही विवरण दिलंच नाही किंवा त्यात पॅनचा एखादा आकडा चुकला. हे दुरुस्ती विवरणाने सुटतं, पण ते कारखान्यानेच भरावं लागतं. दुसरं, पैसे कापले आणि भरलेच नाहीत. फॉर्म 16 चा 'भाग अ' खात्याच्या ट्रेसेस संकेतस्थळावरूनच निघतो. अकाउंट विभाग तो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर संशयाला जागा आहे.

पैसे भरलेच नसले तरी कर्मचारी उघड्यावर पडत नाही. कलम 205 प्रमाणे पगारातून कर कापला गेला असेल, तर तेवढा कर पुन्हा त्याच्याकडून वसूल करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये यशपाल सहानी प्रकरणात हेच सांगितलं. मात्र कपात झाली हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी बारा महिन्यांच्या पगार स्लिपा आणि बँकेचा उतारा जपून ठेवायला हवा. तोंडी 'कापला होता' चालत नाही.

गप्प बसणं मात्र महागात पडतं. 30 दिवसांनंतर थकबाकीवर महिन्याला 1 टक्का व्याज लागू शकतं. म्हणून पोर्टलवर 'Response to Outstanding Demand' मध्ये जाऊन मागणी मान्य नसल्याचं कारणासह नोंदवायचं आणि कारखान्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. 26एएस दुरुस्त झाल्यावरच कलम 154 खाली रिटर्न पुन्हा तपासायला टाकायचं. आधी टाकलं तर तीच मागणी परत येते.