लघवीचा रिपोर्ट आणि नमुन्याची वेळ

उन्हाळी लागली, लघवीला आग होते, म्हणून तपासणी केली. रिपोर्टवर तीन ओळी आल्या: पस सेल्स १५–२०, आरबीसी ४–६, कॅल्शियम ऑक्झलेट क्रिस्टल्स भरपूर. सोबत सूक्ष्मदर्शकातला फोटोही. अमरावती-अकोल्यात असा रिपोर्ट हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला, "हा मुतखडाच व्हय ना जी?"

समजा, हा नमुना दर्यापूरकडच्या एका शेतमजूर बाईचा आहे. फोटोतल्या गोल, दाणेदार पेशी म्हणजे पस सेल्स, अर्थात जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यापेक्षा लहान, दाणे नसलेल्या चकत्या म्हणजे लाल पेशी. चौकोनात फुली मारलेल्या पाकिटासारखे चमकते तुकडे म्हणजे ऑक्झलेटचे स्फटिक. सुमारे दहा मिलीलिटर लघवी यंत्रात फिरवून खाली बसलेल्या गाळाचा थेंब पाहतात. त्यामुळे हे आकडे सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यक्षेत्रातले असतात. पाचापेक्षा जास्त पस सेल्स आणि तीन किंवा अधिक लाल पेशी दिसल्या, तर दखल घ्यायची.

मात्र हा नमुना सकाळी सातला घरी घेतला आणि दुपारी बाराला अकोल्यात पोहोचला. पाच तासांत लघवीत नवे स्फटिक तयार होतात, जंतू वाढतात आणि काही पेशी फुटूनही जातात. शिवाय उन्हात काम करून पाणी कमी प्यायलेल्या माणसाची लघवी मुळातच घट्ट असते.

म्हणून प्रयोगशाळेतच दुसरा नमुना घेतला: आधी स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली धार. तो तासाभरात पाहिला. स्फटिक जवळपास नाहीत, पस सेल्स १२–१५, लाल पेशी ३–४. आता अर्थ बदलला. मूत्राशयात संसर्ग असण्याची शक्यता मोठी आणि लाल पेशीही बहुधा त्या सुजेतूनच आलेल्या. स्फटिकांवरून मुतखडा ठरत नाही. त्यासाठी सोनोग्राफी लागते आणि स्फटिक न दिसताही खडा असू शकतो.

अशा वेळी मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. डॉक्टरांनी कल्चर सांगितलं असेल, तर पहिल्या गोळीआधी नमुना द्या. गोळी पोटात गेल्यावर जंतू उगवला नाही, तरी तो नव्हता असं म्हणता येत नाही. उपचारानंतर लघवी पुन्हा तपासा. आग थांबूनही लाल पेशी राहिल्या, तर कारण शोधायलाच हवं. थंडी वाजून ताप, कुशीत कळ, लघवी अडणं किंवा गर्भारपण असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

माझी मागणी प्रयोगशाळांकडे आहे. नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता पाहिला, हे प्रत्येक रिपोर्टवर छापा. दोन तासांहून जुना नमुना असेल, तर दुसरा मागा. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात या दोन वेळा कळल्याशिवाय खालच्या आकड्यांवर औषध ठरवणं धोक्याचं आहे.

(लेखक पॅथॉलॉजिस्ट आहेत.)